साठचा बल्ब आणि सूर्य: तापमानाचे दोन साक्षीदार

पेटलेल्या बल्बच्या तारेला तापमापक लावता येत नाही. तार केसापेक्षा बारीक असते, काचेत बंद असते आणि जे काही तिला टेकवाल ते वितळायची भीती असते. सूर्याची अडचण तर सांगायलाच नको. तरीही दोघांचं तापमान एकाच रीतीने काढता येतं, कारण दोघंही तापल्यामुळे प्रकाशतात. त्या प्रकाशाला दोन प्रश्न विचारता येतात: सर्वांत जास्त जोर कोणत्या तरंगलांबीवर आहे, आणि एकूण ऊर्जा किती बाहेर पडते? पहिल्याचं उत्तर वीनच्या नियमातून मिळतं, दुसऱ्याचं स्टीफन-बोल्ट्झमनच्या.

वीनचा १८९३ मधला नियम दिसायला फार सोपा आहे. शिखराची तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये घ्या आणि २८,९८,००० या संख्येला तिने भागा, की केल्व्हिनमध्ये तापमान मिळतं. पदार्थाचं आकारमान लागत नाही, अंतर लागत नाही. साध्या बल्बची तार २७०० केल्व्हिनच्या आसपास असते, म्हणजे तिचं शिखर १०७३ नॅनोमीटरवर पडतं. डोळ्याला साधारण ७०० पर्यंतच दिसतं. म्हणजे बल्बचा मुख्य जोर अवरक्तात असतो, आपण त्याच्या कडेच्या उतारावर पुस्तक वाचतो.

अडचण इथेच सुरू होते. कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या छोट्या वर्णपटमापीत सिलिकॉनचा संवेदक असतो. ११०० नॅनोमीटरच्या पुढे तो जवळजवळ आंधळा होतो आणि त्याच्या बऱ्याच आधीपासून त्याची नजर मंदावू लागते. पडद्यावर शिखर दिसतं, पण ते तारेचं नसतं. उतरत चाललेली संवेदकाची क्षमता आणि चढत चाललेला तारेचा प्रकाश यांच्या गुणाकारातून तयार झालेलं ते शिखर असतं. समजा ते ६५० नॅनोमीटरवर आलं. भागाकार केला की तापमान ४४५८ केल्व्हिन येतं. टंगस्टन ३६९५ केल्व्हिनला वितळतं, म्हणजे हिशोब खरा असता तर बल्ब केव्हाच गेला असता. असा आकडा आला की समजावं, उपकरणाचं अंशांकन न करताच शिखर वाचलं गेलंय.

अंशांकन नीट केलं तरी एक गोष्ट उरते. हे शिखर म्हणजे लिंगाण्याचा सुळका नव्हे, पाचगणीचं टेबललँड आहे. २७०० केल्व्हिनच्या आदर्श कृष्णवस्तूसाठी १०१० पासून जवळपास ११४० नॅनोमीटरपर्यंतची तीव्रता शिखरापेक्षा एका टक्क्याहून जास्त घसरत नाही. मोजमापात एक टक्क्याची थरथर असेल, तर तापमान २५४० पासून २८७० पर्यंत कुठेही वाचता येतं. शिवाय वीनच्या नियमात चूक जशीच्या तशी उत्तरात उतरते: तरंगलांबी दहा टक्के चुकली की तापमानही तेवढंच चुकतं.

दुसऱ्या नियमाचा स्वभाव अगदी उलटा. त्याला माहिती पुष्कळ लागते, पण तो चुका पोटात घालतो. एकूण उत्सर्जित शक्ती तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. त्यामुळे तापमान काढताना चौथं मूळ घ्यावं लागतं आणि क्षेत्रफळातली दहा टक्क्यांची चूक उत्तरात जेमतेम अडीच टक्के होऊन येते.

अमेरिकेतल्या १२० व्होल्टच्या साठ वॅट बल्बचं उदाहरण घेऊ. त्यातली वेटोळी सोडवली तर तार साधारण ५८० मिलिमीटर लांब आणि ०.०४६ मिलिमीटर व्यासाची भरते. तिचं पृष्ठफळ ०.८४ चौरस सेंटिमीटर, हाताच्या नखाएवढं. तार आदर्श कृष्णवस्तू असती तर साठ वॅट बाहेर टाकायला १८८५ केल्व्हिन पुरले असते. पण टंगस्टन चकचकीत धातू आहे. या तापमानाला तो कृष्णवस्तूच्या सुमारे ३० टक्केच ऊर्जा फेकतो, म्हणजे त्याची उत्सर्जकता ०.३. ती धरली की उत्तर २५४७ केल्व्हिनवर जातं. उत्सर्जकता ०.३ ऐवजी ०.३५ घेतली तरी फरक शंभरेक केल्व्हिनचाच पडतो.

अजून दोन दुरुस्त्या उरतात आणि त्या विरुद्ध दिशांना ओढतात. वेटोळ्यांच्या आतल्या बाजू एकमेकींवरच प्रकाश टाकतात, त्यामुळे उपयोगी पृष्ठफळ घटतं. दुसरीकडे बल्बमधला वायू काही उष्णता स्वतःच वाहून नेतो. समजा पृष्ठफळ वीस टक्के घटलं आणि वायूने दहा टक्के शक्ती नेली, तर तापमान २६२० च्या आसपास येतं. पडताळ्याला तिसरा साक्षीदारही आहे. आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या साठ वॅट बल्बचा रोध थंड असताना मल्टिमीटरवर साठ-पासष्ट ओम दाखवतो, पेटल्यावर तो ८८२ ओम होतो. टंगस्टनचा रोध चौदा पट व्हायला तापमान २७०० केल्व्हिनच्या जवळपास लागतं. बल्ब वेगळा असला तरी उत्तर त्याच टापूत आलं.

चौथ्या घाताचा हा नियम मुळात तारेवरूनच सुचला. जॉन टिंडल यांनी प्लॅटिनमची तार तापवून तिची किरणं मोजली होती. मंद लाल अवस्थेपासून पूर्ण पांढऱ्या अवस्थेपर्यंत किरणोत्सर्ग ११.७ पट वाढला. योझेफ स्टीफन यांनी १८७९ मध्ये या दोन अवस्थांना ५२५ आणि १२०० अंश सेल्सियस धरलं, केल्व्हिनमध्ये बदललं आणि गुणोत्तराचा चौथा घात घेतला. उत्तर आलं ११.६. यात नशिबाचाही भाग होता. प्लॅटिनम कृष्णवस्तू नव्हे आणि तापत जाताना त्याची उत्सर्जकताही वाढते. पण नियम खरा होता. १८८४ मध्ये लुडविग बोल्ट्झमन यांनी तो उष्मागतिकीतून सिद्ध केला.

स्टीफन यांनी तोच नियम सूर्याला लावला. सूर्याएवढ्याच कोनात दिसणाऱ्या, साधारण १९५० अंश सेल्सियसच्या तापलेल्या धातूच्या पत्र्यापेक्षा सूर्याकडून २९ पट किरणं येतात, असं सोरे यांचं मोजमाप होतं. वातावरण एक तृतीयांश किरणं अडवतं असं धरून स्टीफन यांनी ते ४३.५ पट केलं. त्याचं चौथं मूळ २.५७, म्हणून सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५७०० केल्व्हिन. त्याआधीचे अंदाज हजार-दोन हजार अंशांपासून लाखो अंशांपर्यंत भरकटलेले होते.

आज हाच हिशोब असा करतात: पृथ्वीपाशी दर चौरस मीटरला १३६१ वॅट येतात. सूर्य त्याच्या त्रिज्येच्या २१५ पट अंतरावर आहे, म्हणून पृष्ठभागावरचा झोत २१५ च्या वर्गाने जास्त, म्हणजे सुमारे ६.३ कोटी वॅट. त्याला नियमातल्या स्थिरांकाने भागून चौथं मूळ काढलं की ५७७२ केल्व्हिन येतात. इथे अंतर आणि त्रिज्या वेगवेगळी लागत नाही, त्यांचं गुणोत्तर, म्हणजे सूर्य किती कोनात दिसतो एवढंच पुरतं. दूरच्या ताऱ्यांसाठी हीच सोय मोलाची ठरली. ऑस्ट्रेलियात नॅराब्राय येथे हॅनबरी ब्राउन यांच्या गटाने ३२ ताऱ्यांचे कोनीय व्यास मोजले आणि त्यांवरून अंतर न वापरता तापमानं काढता आली. यांतल्या अतितप्त ताऱ्यांना वीनचा नियम लावणं जमिनीवरून अशक्य होतं: २०,००० केल्व्हिनचं शिखर १४५ नॅनोमीटरवर पडतं आणि आपलं वातावरण ते खाली येऊच देत नाही.

सूर्याच्या बाबतीत मात्र दोन्ही साक्षीदार उभे करता येतात आणि त्यांचं पूर्ण जमत नाही. वातावरणाबाहेर मोजलेला सूर्याचा वर्णपट ४५० ते ४८० नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत उंच जातो. वीनच्या हिशोबाने ते ६००० ते ६४०० केल्व्हिन होतात. मोजमाप चुकलेलं नसतं, सूर्यच पुरता कृष्णवस्तू नसतो. वेगवेगळ्या तरंगलांबींना आपण त्याच्या वेगवेगळ्या खोलीपर्यंत पाहतो, खोल भाग जास्त तापलेला असतो आणि असंख्य शोषणरेषा वर्णपटाला जागोजाग कुरतडतात. म्हणून ५७७२ हा आकडा प्रभावी तापमान म्हणून सांगितला जातो: तेवढ्याच आकाराची आदर्श कृष्णवस्तू तेवढीच ऊर्जा टाकायला जेवढी तापावी लागेल, तेवढं. दोन्ही नियमांची उत्तरं जुळली, तर समोरची वस्तू कृष्णवस्तूसारखी वागते असं म्हणावं. जुळली नाहीत तर आधी संवेदक तपासावा, मग क्षेत्रफळ आणि उत्सर्जकता. त्यानंतरही जे अंतर उरेल, ते त्या वस्तूच्या पृष्ठभागाबद्दलची माहिती असते.