ग्रॅच्युइटी अडली ती जुन्या रजेवर

केरळातले एक मुख्याध्यापक 31 मार्च 1999 रोजी निवृत्त झाले. ग्रॅच्युइटी मात्र अडली. सत्तरच्या दशकात पुढच्या शिक्षणासाठी त्यांनी बिनपगारी रजा घेतली होती आणि वेतनवाढी देताना खात्याने तीही नोकरीत धरली. चूक लेखापरीक्षणात उघडकीस आली तोवर निवृत्ती तोंडावर आली होती. जादा दिलेला पगार परत करा, असं खात्याने बजावलं. उच्च न्यायालयातली रिट याचिका फेटाळली गेली, अपीलही गेलं. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वसुली रद्द केली: शिक्षकाने काही लपवलं नव्हतं, नियमाचा अर्थ खात्यानेच चुकीचा लावला होता.

तेवीस वर्षं लागली!

महाराष्ट्रातल्या शिक्षकांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. अनुदानित माध्यमिक शाळेतल्या शिक्षकाचं पेन्शन प्रकरण शाळेतून शिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि तिथून महालेखापालांकडे जातं. त्याआधी सेवापुस्तकाची वेतन पडताळणी व्हावी लागते, आणि गाडी रुतते ती बहुधा इथेच. वीस वर्षांपूर्वीची वरिष्ठ वेतनश्रेणी चुकीच्या तारखेपासून दिली, असा शेरा पडतो आणि त्रुटी लावून फाइल परत शाळेत येते. मुख्याध्यापक बदललेले, जुना आदेश सापडत नाही. ज्याने वेतननिश्चिती केली तो बाबू कधीच निवृत्त होऊन पेन्शन घेतोय.

अशा वेळी 2014 चा रफिक मसीह निकाल उपयोगी पडतो. निवृत्त झालेल्या किंवा वर्षभरात होणाऱ्या कर्मचाऱ्याकडून अशी वसुली करू नये, असं त्यात म्हटलं आहे. वेतनश्रेणी पुढच्यासाठी दुरुस्त करणं वेगळं आणि मागचे पैसे ग्रॅच्युइटीतून कापणं वेगळं.

पण 2016 च्या जगदेव सिंग निकालाने यात एक पाचर मारली आहे. सुधारित वेतनश्रेणी घेताना ‘जादा रक्कम निघाल्यास परत करीन’ असं हमीपत्र दिलं असेल, तर खातं तेच पुढे करतं. पगाराच्या घाईत सह्या केलेला तो कागद कित्येकांच्या लक्षातही नसतो. म्हणून वकिलाकडे जाण्याआधी सेवापुस्तकाची पानन् पान प्रत मागून घ्यावी, लागलं तर माहिती अधिकारात.

कलम 226 खालची रिट कागदांवर चालते. साक्षी-उलटतपासणी सहसा नसते. त्यामुळे निवृत्तीची तारीख, खात्याला दिलेले अर्ज आणि त्यांच्यावरचे आवक शिक्के यांना मोल येतं. तोंडी विनवण्यांची नोंद कुठेच राहत नाही. मागण्यांत थकीत रकमेबरोबर उशिराचं व्याजही स्पष्ट लिहावं लागतं. अनेकदा न्यायालय पहिल्या फेरीत रक्कम ठरवत नाही, ठराविक मुदतीत अर्जावर निर्णय घ्या एवढंच खात्याला सांगतं. मुदत उलटली तर अवमान याचिका करता येते, तीही वर्षाच्या आत.