वेगावरून दाब: इको रूममधला एक दिवस

सकाळी ८.४५. यादी लांब आहे, पण एका नावापुढे मी खूण करून ठेवली आहे. बहात्तर वर्षांच्या आजी, जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येते. सोबत बाहेरून केलेल्या इकोचा रिपोर्ट आहे: महाधमनीची झडप ‘मध्यम’ अरुंद. स्टेथोस्कोप लावला तर मर्मर मानेपर्यंत ऐकू येतो आणि दुसरा ठोका जवळजवळ ऐकूच येत नाही. मध्यम अरुंद झडप सहसा अशी वाजत नाही.

९.१५. आजी डाव्या कुशीवर. ईसीजीच्या तारा लावल्या. “गार लागेल हं,” म्हणत रेसिडेंटने जेल लावलं. चित्रात झडपेच्या तिन्ही पाकळ्यांवर चुना बसलेला दिसतो आणि त्या धड उघडत नाहीत. पण किती अडथळा आहे, हे चित्र सांगत नाही. त्यासाठी डॉप्लर लागतं.

धावत्या रक्तपेशींवरून परतणाऱ्या ध्वनीची वारंवारता बदलते, त्यावरून यंत्र वेग काढतं. वाट अरुंद झाली की तेवढंच रक्त जास्त वेगाने पलीकडे जातं, आणि हा वेग दाब खर्च करूनच मिळतो. किती दाब खर्च झाला याचं गणित बर्नुलीच्या १७३८च्या ग्रंथाशी नातं सांगतं. आम्ही रोज वापरतो ते त्याचं कापून लहान केलेलं रूप आहे:

ΔP = 4v²

वेग मीटर प्रतिसेकंदात घातला की दाबातला फरक पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये येतो. हा चार कुठून आला, असं रेसिडेंट दरवर्षी विचारतात. रक्ताची घनता घनमीटरला सुमारे १०६० किलो, तिचं अर्धं ५३०. पास्कलमधून पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये येण्यासाठी १३३ने भागा: ३.९८. रक्ताचं घर्षण आणि रक्ताचा वेग क्षणोक्षणी बदलण्यात जाणारा दाब आपण सोडून दिलेला असतो, आणि झडपेच्या अलीकडचा वेगही. तो एक मीटरच्या आसपास असेल तोवर बिघडत नाही. दीड मीटरच्या वर गेला तर मात्र त्याचाही वर्ग वजा करावाच लागतो. हे सूत्र रुग्णाच्या खाटेपाशी आणलं १९७०च्या दशकात नॉर्वेत, ओस्लोच्या होलेन यांनी आणि ट्रॉन्डहेमच्या लिव हाटले व त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्याआधी झडपेचा दाब मोजायचा म्हणजे हृदयात नळी घालायची.

९.४०. हृदयाच्या टोकाकडून, म्हणजे एपेक्सवरून, सलग डॉप्लरची रेषा झडपेतून नेली. ३.६ मीटर. 4v² म्हणजे ५२, सरासरी ३१. बाहेरच्या रिपोर्टमध्येही जवळपास हेच आकडे आहेत. गंभीर म्हणायला वेग ४ किंवा सरासरी ४० लागते. इथे थांबलं तर झडप मध्यमच.

पण यंत्र एक गोष्ट गृहीत धरतं: रेषा आणि रक्ताची धार एकाच दिशेत आहेत. त्या तिरक्या असतील तर वेगाचा कोसाइनपुरताच भाग दिसतो. वीस अंशांचा तिरकेपणा वेगात सहा टक्के खातो, आणि पुढे वर्ग होत असल्याने ग्रेडियंटमध्ये बारा. तीस अंशांना पाव ग्रेडियंट गेला. ही चूक कायम एकाच बाजूला असते. तिरक्या रेषेने वेग कमी दिसेल, जास्त कधीच नाही. म्हणून चार खिडक्यांतून चार आकडे आले की त्यांची सरासरी काढायची नसते, सगळ्यांत मोठा घ्यायचा असतो. कडक झडपेतून निघणारी धार वाकडी जाते आणि कोणत्या बाजूला, हे आधी कळत नाही.

१०.००. आजींना उजव्या कुशीवर वळवलं. बहुतेक ठिकाणी घाईत गळते ती हीच पायरी. पेन्सिलीसारखा पेडॉफ प्रोब काढला. त्यात चित्र नसतं, फक्त आवाज आणि आलेख. उजव्या बाजूला, उरोस्थीलगत, वरच्या फासळ्यांमधल्या फटीत तो टेकवून कानाने शोधायचं. धार तिरकी लागली की घोगरा आवाज येतो, नेमकी लागली की बारीक शीळ. शीळ सापडली: ४.४ मीटर. म्हणजे ७७, सरासरी ४७. झडप तीच, बाई तीच. उलट हिशेब केला तर पहिली रेषा साधारण पस्तीस अंशांनी तिरकी होती.

रेसिडेंटने पुन्हा एपेक्सवरून प्रयत्न केला आणि खुशीत ओरडला, “मॅडम, ५.४!” म्हणजे ११७. आकार पाहिला. आलेख झडप उघडण्याच्या आधीच सुरू होऊन नंतरही रेंगाळत होता. ही महाधमनीची धार नव्हे, शेजारच्या मायट्रल झडपेतून मागे गळणारी होती. सलग डॉप्लर रेषेवरचा सगळ्यांत मोठा वेग देतं, तो कुठल्या खोलीवरचा हे सांगत नाही. ‘मोठा आकडा घ्या’ हा नियम आपण योग्य धारेवर आहोत तोवरच चालतो.

१२.१५. मायट्रल झडप अरुंद झालेली सव्वीस वर्षांची मुलगी, जिना चढून धापा टाकत आलेली. नाडी ११०, सरासरी ग्रेडियंट १५. पाऊण तास बसवून ठेवल्यावर नाडी ८०, ग्रेडियंट ९. झडप तेवढीच, पण नाडी जलद असली की रक्त खाली उतरायला वेळ कमी मिळतो. रिपोर्टात नाडीचा आकडा ग्रेडियंटला चिकटूनच लिहिते.

दुपारी २.३०. आजचं अवघड काम. पासष्टीचे काका, हृदयाचं आकुंचन तीस टक्क्यांवर आलेलं, झडपेवर चुना. वेग ३.१, सरासरी २३. आकडे पाहून सोडून द्यावं असे. पण ग्रेडियंट प्रवाहावरही अवलंबून असतो; दुबळं हृदय कमी रक्त ढकलतं, तर कितीही अरुंद झडपेवर वेग वाढणार कसा? म्हणून क्षेत्रफळ काढलं. झडपेआधीच्या मार्गाचा व्यास २ सेंटिमीटर, क्षेत्रफळ ३.१४. तिथल्या एका ठोक्याच्या आलेखाखालचं अंतर १४ सेंटिमीटर, म्हणजे ठोक्याला ४४ मिलिलिटर. झडपेत तेच अंतर ७०. भागाकार ०.६ चौरस सेंटिमीटर. एकच्या आत म्हणजे गंभीर.

पण दुबळं हृदय चांगली झडपही अर्धवटच उघडतं. म्हणून कमी डोसचं डोब्युटामाइन हळूहळू वाढवत गेलो, काकांच्या चेहऱ्यावर आणि मॉनिटरवर लक्ष ठेवून. ठोक्याला ६० मिलिलिटर झाले, वेग ४.१, सरासरी ४१, क्षेत्रफळ मात्र ०.६५. प्रवाह वाढूनही झडप उघडली नाही, म्हणजे अडथळा खरा आहे. क्षेत्रफळ एकच्या पुढे गेलं असतं तर दोष मुख्यतः स्नायूचा ठरला असता. या हिशेबाची कच्ची कडी म्हणजे व्यास. त्याचाही वर्ग होतो, म्हणून दोन मिलिमीटर कमी मोजले तर क्षेत्रफळ जवळजवळ एक-पंचमांशाने घटतं. तो मी तीनदा मोजते.

४.४५. कॅथलॅबमधून फोन. गेल्या आठवड्यातल्या एका रुग्णाचा ग्रेडियंट मी ८१ लिहिला होता, नळीने ५८ आला. “तुमचं यंत्र फुगवतंय का?” नाही. माझा ८१ हा एकाच क्षणी दोन्हीकडच्या दाबांतला सर्वांत मोठा फरक. त्यांचे ५८ म्हणजे डाव्या कप्प्याचं शिखर वजा महाधमनीचं शिखर. ही दोन शिखरं एकाच क्षणी येत नाहीत, त्यामुळे हा आकडा हृदयात प्रत्यक्ष कधीच नसतो. सरासरी विचारली: माझी ४८, त्यांची ४६. ते म्हणाले, “मग ठीक आहे.”

५.३०. आजींचा रिपोर्ट: गंभीर, कमाल वेग ४.४, उजव्या उरोस्थीलगतच्या खिडकीतून. खिडकीचं नाव मुद्दाम लिहिलं. सहा महिन्यांनी कुणी फक्त एपेक्सवरून मोजलं, तर झडप सुधारली असं वाटायला नको. मुलाला सांगितलं, उद्या हार्ट सर्जनच्या ओपीडीत दोन्ही रिपोर्ट घेऊन या.