‘तुमचा साइज एल’ हे कशावरून ठरतं?

ऑनलाइन कुर्ता घेताना उंची, वजन, वय विचारून ॲप ‘एल घ्या’ असं सुचवतं. छातीचं माप मात्र बहुतेकदा कुणी घेतलेलं नसतं. तुमच्यासारख्या उंची-वजनाच्या ग्राहकांनी कोणता साइज ठेवला आणि कोणता ‘घट्ट होतो’ म्हणून परत केला, या नोंदींवरून तो अंदाज बांधलेला असतो. तुमची जुनी खरेदीही त्यात धरली जाते. म्हणूनच एकाच खात्यावरून घरातल्या सगळ्यांचे कपडे मागवले, की अंदाज हमखास बिघडतो.

१५८ सेंमी उंची आणि ६२ किलो वजनाच्या दोघी घ्या. एकीची छाती ३६ इंच, दुसरीची ३९. केवळ उंची-वजन दिलं तर दोघींनाही एकच उत्तर मिळेल. समजा, एल कुर्त्याची तयार छाती ४० इंच आहे. पहिलीला चार इंच सैलपणा मिळतो, तो छान. दुसरीला एकच इंच उरतो. न ताणणाऱ्या सुती कापडात हात वर करताच कुर्ता काखेत ओढला जाईल. ताणणाऱ्या होजिअरीत तिला तोच साइज चालून जाईल.

जुन्या, भरपूर खपलेल्या कपड्याबाबत सल्ला बराच भरवशाचा असतो. नव्याने आलेल्या कपड्याच्या परतीच्या नोंदीच नसतात, तिथे तो कच्चा. अशा वेळी अंगाला नीट बसणारा आपला कुर्ता सपाट पसरून काखेखाली मोजा, दुप्पट करा आणि तक्त्यातल्या कपड्याच्या मापाशी ताडून पाहा. तक्ता अंगाच्या मापाचा आहे की कपड्याच्या, हे आधी वाचा.