जमा किती आणि आपली किती?
सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांचा हंगाम ३० सप्टेंबरपर्यंत चालतो. सभेच्या विषयपत्रिकेवर हिशेबांचा विषय येतो, खजिनदार उभे राहतात, ‘४८ पैकी ४१ सभासदांनी पूर्ण वर्गणी भरली, वर्षभरात १८ लाख २४ हजार रुपये जमा झाले’ असे सांगतात आणि सभा पुढील विषयाकडे वळते. ऐकणाऱ्यांच्या मनात दोनच आकडे राहतात आणि दोन्ही समाधानकारक वाटतात. प्रत्यक्षात या दोन आकड्यांचा अर्थ उलगडला, तर चित्र बरेच वेगळे दिसू शकते.

हे समजण्यासाठी मुंबई-पुण्यातील ४८ सदनिकांची एक काल्पनिक संस्था उदाहरणादाखल घेऊ. प्रत्येक सदनिकेचे मासिक देयक ३ हजार रुपयांचे आहे. म्हणजे वर्षाला एका सदनिकेकडून ३६ हजार आणि सर्वांकडून मिळून १७ लाख २८ हजार रुपये येणे अपेक्षित आहे. हिशेबाच्या भाषेत ही झाली वर्षाची मागणी. जमा मात्र १८ लाख २४ हजार आहेत. मागणीपेक्षा जमा ९६ हजारांनी अधिक! मग थकबाकीची तक्रार कशाला, असे एखाद्या सभासदाला वाटले तर त्यात नवल नाही.

गफलत आहे ती ‘जमा’ या शब्दात. वर्षभरात बँकेत आलेली प्रत्येक रक्कम त्या वर्षाची नसते. या संस्थेत ४१ सभासदांनी वर्षाचे पूर्ण ३६ हजार भरले; ते १४ लाख ७६ हजार होतात. चार सभासदांनी नऊच महिने भरले; त्यांचे १ लाख ८ हजार आले. तिघांनी एक रुपयाही भरला नाही. म्हणजे चालू वर्षाची खरी वसुली १५ लाख ८४ हजार इतकीच. उरलेल्या रकमेतील ६० हजार रुपये मागील वर्षांच्या थकबाकीपोटी आले आणि १ लाख ८० हजार रुपये पाच सभासदांनी पुढील वर्षाची वर्गणी आगाऊ भरल्यामुळे आले. ही आगाऊ रक्कम संस्थेच्या खात्यात असली तरी ती संस्थेचे उत्पन्न नव्हे, देणे आहे. ताळेबंदात ती देणी बाजूला बसते, कारण तिच्या बदल्यात पुढील वर्षभर सेवा द्यायची आहे.

तेव्हा पहिला निष्कर्ष असा, की चालू वर्षाची १ लाख ४४ हजार रुपयांची वसुली राहिली आहे. सभासदसंख्येच्या मापाने मोजले तर सुमारे ८५ टक्क्यांनी पूर्ण भरणा केला. रुपयांच्या मापाने मोजले तर सुमारे ९२ टक्के वसुली झाली. दोन्ही आकडे खरे आहेत, पण ते वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. किती जण शिस्त पाळतात, हे पहिला सांगतो. संस्थेच्या हाती काय आले, हे दुसरा सांगतो. शिवाय थकबाकी सर्वत्र सारखी पसरलेली नसते. येथे १ लाख ४४ हजारांपैकी १ लाख ८ हजार, म्हणजे तीन चतुर्थांश रक्कम, केवळ तीन सदनिकांकडे अडकली आहे.

दुसरा भाग अधिक महत्त्वाचा. तीन हजारांच्या देयकातील सर्व पैसे खर्चासाठी नसतात. नमुना उपविधींनुसार दुरुस्ती निधीसाठी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंडासाठी किमान पाव टक्का रक्कम दरवर्षी घ्यावयाची असते. सदनिकेचा बांधकाम खर्च ९ लाख ६० हजार धरला, तर महिन्याला दुरुस्ती निधीचे ६०० आणि सिंकिंग फंडाचे २०० रुपये होतात. उरतात २,२०० रुपये. सुरक्षारक्षक, सफाई, लिफ्टची देखभाल, सार्वजनिक वीज, पाणी, कर हे सारे या २,२०० रुपयांतच भागवायचे असते.

आता वसूल झालेल्या १५ लाख ८४ हजारांची याच प्रमाणात विभागणी केली, तर ४ लाख २२ हजार ४०० रुपये दोन निधींचे आणि ११ लाख ६१ हजार ६०० रुपये खर्चासाठीचे ठरतात. संस्थेचा वर्षाचा खर्च समजा १२ लाख ४० हजार झाला. म्हणजे ७८ हजार ४०० रुपयांची तूट! ती कोठून भागली? आगाऊ आलेल्या रकमेतून किंवा निधीच्या पैशांतून. खात्यात शिल्लक दिसत असल्याने कोणालाही ओढाताण जाणवली नाही, एवढेच. बिल न भरणाऱ्या तीन सदनिकांचा खर्चातील वाटा ७९ हजार २०० होतो. तूट जवळपास तेवढीच आहे. दुसऱ्या शब्दांत, त्या तीन घरांचा लिफ्टचा आणि पाण्याचा खर्च इतरांनी उद्याच्या दुरुस्तीसाठी ठेवलेल्या किंवा आगाऊ भरलेल्या पैशांतून चालला.

उत्पन्न-खर्च पत्रकात ही तूट शोधूनही सापडणार नाही. देयक काढले, की रक्कम वसूल होवो अथवा न होवो, ती उत्पन्नात धरण्याची पद्धत असते. त्यामुळे खर्चासाठीचे १२ लाख ६७ हजार २०० रुपये उत्पन्नात दिसतात आणि पत्रक चक्क २७ हजार २०० रुपयांचा वाढावा दाखवते. कागदावर वाढावा आणि हातात तूट, हे कोडे उलगडण्यासाठी ताळेबंदातील ‘सभासदांकडून येणे’ ही ओळ पाहावी. मागील वर्षीपेक्षा ती वाढली असेल, तर वाढाव्याचा काही भाग अद्याप सभासदांच्या खिशातच आहे. निधीच्या मुदत ठेवी निधीच्या नोंदींपेक्षा कमी असतील, तर निधी दैनंदिन खर्चात वापरला गेल्याची शक्यता तपासावी. सिंकिंग फंड सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय आणि मोठ्या दुरुस्तीसाठी वास्तुविशारदाच्या प्रमाणपत्राशिवाय खर्चता येत नाही. चालू खर्च भागवण्यासाठी तर तो नाहीच.

थकबाकीचा आकडा जाहीर करण्यापूर्वी एक काळजी घ्यावी. ऑनलाइन भरणा करताना सदनिका क्रमांक न लिहिल्यास रक्कम बँकेत येते, पण सभासदाच्या खात्यावर चढत नाही आणि पैसे भरूनही तो थकबाकीदार ठरतो. ३१ मार्चला दिलेला आणि एप्रिलमध्ये वटलेला धनादेशही असाच वाद निर्माण करतो. बँक ताळमेळ पत्रक तयार झाल्यावरच नावांना हात लावावा.

एवढे ध्यानात घेतल्यास खजिनदारांचे दोन मिनिटांचे भाषण असे होऊ शकते: ‘या वर्षाची मागणी १७ लाख २८ हजार होती, पैकी १५ लाख ८४ हजार आले. ४१ जणांनी पूर्ण, चौघांनी अंशतः भरले, तिघांनी काहीच भरले नाही. खात्यातील १ लाख ८० हजार पुढील वर्षाचे आहेत, ते आपण खर्चू शकत नाही. निधी बाजूला ठेवल्यास खर्चात ७८ हजार ४०० कमी पडले. जुनी धरून एकूण थकबाकी २ लाख ३४ हजार आहे.’ (मागील वर्षांचे ९० हजार यात धरले आहेत.)

यानंतर सभेपुढे खरा प्रश्न येतो. वर्गणी वाढवून तूट भरावी, की तिघांकडून वसुली करावी? नमुना उपविधी थकबाकीवर द.सा.द.शे. २१ पर्यंत सरळ व्याज आकारण्याची मुभा देतात. तरीही रक्कम न आल्यास, २०१९च्या दुरुस्तीने सहकार कायद्यात आलेल्या कलम १५४ब-२९ नुसार निबंधकांकडून वसुली दाखला मिळवून जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली करता येते. त्यासाठी देयके, नोटिसा आणि खातेउतारा व्यवस्थित असावे लागतात. वर्गणी वाढवली, तर तिचा भार मुख्यतः नियमित भरणाऱ्या ४१ जणांवरच पडेल. तिघांची थकबाकी मात्र आणखी फुगेल.