श्रेणीचे टक्के आणि अर्जाची पात्रता



गाळप संपून पाऊस तोंडावर आला की आपल्या घरांतून अर्जांची गडबड सुरू होते. परवा एक सभासद मुलाची कृषी पदवीची गुणपत्रिका घेऊन आले. म्हणाले, "मास्तर, ह्यात टक्केच न्हाईत. नुसतं 6.30 लिवलंय. जाहिरातीत 60 टक्के पाह्यजेत म्हणतात. आमचं पोरगं बसतं का न्हाई, तेवढं सांगा."

प्रश्न साधा, पण उत्तर एका वाक्यात देता येत नाही. कारण 6.30 चे टक्के किती, हे पदवी कोणाची आहे त्यावर ठरते.

कृषी विद्यापीठांत भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या पाचव्या अधिष्ठाता समितीच्या पद्धतीने एकूण श्रेणी-सरासरीला, म्हणजे ओजीपीएला, दहाने गुणतात. 6.30 चे 63 टक्के होतात. केंद्रीय माध्यमिक मंडळाने दहावीला 2010 ते 2017 पर्यंत श्रेणी दिल्या, तेव्हा साडेनऊने गुणण्याचा नियम होता. त्या हिशेबाने 59.85 होतात. तांत्रिक शिक्षण परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या तक्त्यात 6.25 ला 55 आणि 6.75 ला 60 टक्के धरले आहेत. म्हणजे आधी पाऊण वजा करायचा आणि मग दहाने गुणायचे. त्याप्रमाणे 55.5 येतात. आकडा तोच, पण एका नियमाने पोरगा आत, दुसऱ्या दोन्हींनी बाहेर!

गावात पुष्कळजण "साडेनऊने गुणा" असे सर्रास सांगतात. तो नियम दहावीच्या त्या मंडळाचा. आपल्या विद्यापीठाने तो घेतला नसेल तर त्याचा उपयोग नाही. ज्या संस्थेने पदवी दिली तिचाच नियम धरावा. तो बहुधा गुणपत्रिकेच्या मागील बाजूस छापलेला असतो. तिथे नसेल तर परीक्षा विभागात विचारावे. आमच्या सभासदाची गुणपत्रिका कृषी विद्यापीठाची होती आणि पाठीमागे दहाने गुणण्याचा नियमही छापलेला होता. पोरगा बसला.

पण दुसरी चूक याहून जास्त होते. शेवटचा आकडा अजून हाती आला नसेल, तर घरातली माणसे सत्रांचे आकडे मिळवून सरळ भागाकार करतात. समजा एका सत्रात 6.40 आणि दुसऱ्यात 5.60 पडले. सरळ सरासरी 6.00, म्हणजे 60 टक्के, काम झाले असे वाटते. पण पहिले सत्र 20 श्रेयांकांचे आणि दुसरे 24 चे असेल तर?

हे आपल्याला साखरेच्या उताऱ्यावरून चटकन समजेल. एके दिवशी 1000 टन ऊस 10 टक्के उताऱ्याने गाळला, दुसऱ्या दिवशी 3000 टन 12 टक्क्यांनी. दोन दिवसांचा उतारा 11 होत नाही. साखर 100 आणि 360 मिळून 460 टन, ऊस 4000 टन, म्हणजे उतारा साडेअकरा. जिथे ऊस जास्त, तिथल्या उताऱ्याचे वजन जास्त. श्रेयांक हा इथे ऊस समजा.

आता तोच हिशेब गुणांचा करू. 6.40 गुणिले 20 म्हणजे 128. 5.60 गुणिले 24 म्हणजे 134.4. बेरीज 262.4. तिला 44 ने भागले की 5.96 येतात. टक्के झाले 59.6.

"अहो, मग 60 च की ते! एवढं कोण बघतंय?" असे म्हणू नका. बघतात. बँकांच्या भरतीसाठी आयबीपीएसच्या जाहिरातींत स्पष्ट लिहिलेले असते की अपूर्णांक सोडून दिला जाईल, 59.99 टक्के हे 60 पेक्षा कमीच धरले जातील. अर्जात 60 भरून परीक्षा दिली, उत्तीर्णही झाला, तरी कागद तपासताना उमेदवारी जाते. फी गेली, वर्ष गेले, आणि भांडायला जागा राहत नाही.

त्याच जाहिरातींत आणखी एक अट असते. श्रेणीचे टक्के उमेदवाराने अर्जात स्वतः लिहायचे, पण मुलाखतीला जाताना विद्यापीठाचा दाखला न्यायचा. त्यात रूपांतराचा नियम आणि त्या नियमाने या उमेदवाराचे किती टक्के झाले, हे दोन्ही असावे लागते. मुलाखतीचे पत्र आल्यावर दाखल्यासाठी धावपळ करण्यापेक्षा पदवी हाती येताच अर्ज करून तो घेऊन ठेवावा.

आमच्या सभासदाला शेवटी एवढेच सांगितले, "आबा, 63 लिहू द्या. पण दाखला आल्याशिवाय मुलाखतीला पाठवू नका." ते गुणपत्रिका घडी घालून खिशात ठेवत म्हणाले, "म्हंजे उतारा आपण काढायचा, पण सही प्रयोगशाळेची पाह्यजे." अगदी तसेच.