बाण, टिंब आणि आरसा

नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत मानसिक क्षमता चाचणीचे ४० प्रश्न असतात आणि त्यांना ६० मिनिटे मिळतात. म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. सूचना सोडल्या तर वाचायला काही नसते, सगळा कारभार आकृत्यांचा. त्यातले आकृतीमालिका आणि आरशातील प्रतिमा हे दोन प्रकार दिसायला सोपे. पण मूल आख्खी आकृती एकदम बघते, ‘साधारण अशीच असेल’ म्हणते आणि चुकीच्या पर्यायावर खूण करून मोकळे होते.

आधी मालिका घेऊ. डावीकडे तीन प्रश्नाकृती असतात आणि चौथी जागा रिकामी असते. समजा, प्रत्येक आकृती म्हणजे एक चौकोन. चौकोनाच्या मध्यभागी बाण आणि एका कोपऱ्यात छोटे वर्तुळ. पहिल्या चौकोनात बाणाचे टोक सरळ वर आहे आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात काळे वर्तुळ आहे. दुसऱ्यात बाण वरच्या उजव्या कोपऱ्याकडे वळला आहे. वर्तुळ खालच्या डाव्या कोपऱ्यात उतरले असून ते आता पांढरे आहे. तिसऱ्यात बाण थेट उजवीकडे बघतो, तर वर्तुळ खालच्या उजव्या कोपऱ्यात जाऊन पुन्हा काळे झाले आहे. चौथ्यात काय?

इथे एक नव्हे, तीन गोष्टी बदलताहेत, आणि प्रत्येकीचा नियम वेगळा आहे. बाण दर वेळी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ४५ अंश फिरतो. वर्तुळ काट्याच्या उलट दिशेने एकेक कोपरा सरकते. रंग आलटून-पालटून येतो. म्हणून चौथ्या चौकोनात बाण खालच्या उजव्या कोपऱ्याकडे आणि पांढरे वर्तुळ वरच्या उजव्या कोपऱ्यात हवे.

आता पर्याय बघा. एकात बाण सरळ खाली आहे, म्हणजे ४५ ऐवजी ९० अंश फिरवला. दुसऱ्यात बाण बरोबर आहे, पण वर्तुळ वरच्या डाव्या कोपऱ्यात परतले आहे. तिसऱ्यात बाण आणि कोपरा दोन्ही बरोबर, फक्त वर्तुळ काळे. चौथा आपला. म्हणून आधी फक्त बाण धरावा आणि न जुळणारा पर्याय खोडावा, मग कोपरा, मग रंग. पूर्ण उत्तर डोक्यात रेखाटत बसावे लागत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. पहिल्यावरून दुसरी आकृती बघून लगेच नियम ठरवू नये. दुसऱ्यावरून तिसरीशी तो ताडून पाहावा. बाण आधी ४५ अंश आणि नंतर ९० अंश वळला असेल, तर वळणच दर वेळी वाढते आहे. पुढचे वळण १३५ अंशांचे.

आरशाच्या प्रश्नात आकृतीच्या शेजारी एक रेषा असते. आरसा तिथे उभा धरला आहे असे समजायचे. नियम एकच: वस्तू आरशापासून जितकी दूर, तितकीच तिची प्रतिमा आरशाच्या पलीकडे दूर. म्हणून आरशाजवळचे आरशाजवळच राहते. उभ्या आरशात डावे-उजवे बदलते, वर-खाली बदलत नाही.

समजा, एक उभी काठी आहे. तिच्या वरच्या टोकाला उजवीकडे फडकणारा त्रिकोणी झेंडा आणि बुंध्याशी डावीकडे छोटा गोल. आरसा उजव्या बाजूला आहे. प्रतिमेत झेंडा वरच राहील, पण डावीकडे फडकेल. गोल खालीच राहील, पण काठीच्या उजवीकडे येईल. मुले फसतात ती या पर्यायाला: झेंडा खाली डावीकडे आणि गोल वर उजवीकडे. डावे-उजवे बदललेले दिसते म्हणून तो खरा वाटतो. पण ती प्रतिमा नाही, तोच कागद अर्धा फेरा फिरवलेला आहे. झेंडा खाली उजवीकडे आणि गोल वर डावीकडे असेल, तर आरसा आकृतीच्या खाली आडवा ठेवलेला आहे. याला पाण्यातील प्रतिबिंब म्हणतात.

फिरवलेली आकृती आणि प्रतिमा यांतला फरक तिरक्या रेषेत पटकन दिसतो. डावीकडून उजवीकडे चढत जाणारी रेषा आरशात उतरती होते; कागद अर्धा फेरा फिरवला तर ती चढतीच राहते. तसेच काट्याच्या दिशेने वळलेला गोल बाण आरशात उलट दिशेने वळतो, पण कागद कितीही फिरवा, त्याची दिशा बदलत नाही. घरी सराव करताना आकृती पातळ कागदावर काढावी, कागद पुस्तकाच्या पानासारखा उलटून उजेडासमोर धरावा. मागून दिसते ती प्रतिमा.

शेवटी दोन पर्याय उरले, तर प्रश्नाकृतीकडे परत वळण्याआधी ते दोनच एकमेकांशी ताडून बघावेत. त्यांच्यात बहुतेकदा एकाच ठिकाणी फरक सापडतो. मग प्रश्नाकृतीत फक्त तेवढीच जागा तपासायची.