बाळ मध्यरात्री कॉटमध्ये उभं राहून का रडतं?

समजा, सोनपेठमधलं एक घर आहे. बाळ नऊ महिन्यांचं झालंय. महिनाभरापूर्वी ते रात्री एकदाच दुधासाठी उठायचं. गेल्या आठवड्यात ते धरून उभं राहायला शिकलं आणि तेव्हापासून रात्री एक वाजता, तीन वाजता कॉटचे गज धरून उभं असतं आणि रडतं. आई त्याला आडवं करते, ते लगेच पुन्हा उभं. आजी म्हणते, दात येत असतील. शेजारीण म्हणते, नजर लागली असेल. पण ताप नाही, पोट ठीक आहे आणि दिवसा बाळ खुशीत घरभर रांगतंय. मग झालंय काय?

असं का होतं?

बाळाची झोप रात्रभर एकसारखी नसते. साधारण तासाभराच्या फेऱ्यांत ती गाढ आणि उथळ होत राहते. प्रत्येक फेरीच्या शेवटी बाळ अर्धवट जागं होतं आणि बहुतेक वेळा कूस बदलून पुन्हा झोपतं. रांगायला किंवा उभं राहायला नुकतंच शिकलेलं बाळ मात्र या अर्धजागेपणी नवी हालचाल करून बघतं. हातापायांवर उठतं, गज हाताला लागला की उभं राहतं आणि तोपर्यंत पूर्ण जागं होतं.

इस्रायलमधल्या हैफा विद्यापीठाच्या अनात शेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 28 बाळांची झोप काही महिने ठरावीक अंतराने नोंदवली. बाळं रांगायला लागली त्या सुमारास त्यांचं रात्री उठणं वाढलं आणि साधारण तीन महिन्यांत ते पूर्ववत झालं.

याच वयात आई नजरेआड झाली की बाळ घाबरतं. त्यामुळे जाग आल्यावर आई शेजारी दिसली नाही, तर रडणं वाढतं.

उभं राहता येतं, बसता येत नाही

बाळ आधी उभं राहायला शिकतं. गुडघे वाकवून अलगद खाली बसणं त्याला नंतर जमतं. म्हणून रात्री ते गज धरून अडकून राहतं. पाय थकतात, हात सोडायची भीती वाटते आणि ते रडतं. यावरचा उपाय दिवसा करायचा असतो.

बाळ बाज किंवा खुर्ची धरून उभं असताना त्याचं खेळणं पायाशी जमिनीवर ठेवा. त्याच्या कमरेला हात लावून गुडघे हळूच वाकवा आणि खाली बसू द्या. दिवसातून तीन-चार वेळा, पाच-पाच मिनिटं हा खेळ करा. बसणं जमलं की रात्रीची ही अडचण बरीच कमी होते. दिवसभर कडेवर किंवा झोळीत असणाऱ्या बाळाला सरावाला जमीन मिळत नाही, हेही लक्षात घ्या.

रात्री काय करावं?

बाळ नुसतं रांगत किंवा बडबडत असेल, तर दोन-तीन मिनिटं थांबा. बरीच बाळं आपणहून आडवी होतात. रडत असेल तर दिवा न लावता जवळ जा, अलगद आडवं करा आणि पाठीवर हात ठेवा. ते लगेच पुन्हा उभं राहिलं, तर दर वेळी आडवं करत बसू नका. त्याला तो खेळ वाटतो. शेजारी बसून हळू आवाजात बोला. भूक नसताना दर जागेला दूध दिलं किंवा कडेवर फिरवलं, तर नवी हालचाल अंगवळणी पडल्यावरही ती सवय मागे राहते.

जागा सुरक्षित आहे का?

बाळ हातापायांवर उठायला लागलं की झोळी आणि उथळ पाळणा बंद करा. तोल जाऊन ते बाहेर पडू शकतं. कॉटची गादी सर्वांत खालच्या पातळीवर आणा. आत उशा आणि मोठी खेळणी ठेवू नका, बाळ त्यांवर चढतं. कॉट नसेल, तर उंच बाजेपेक्षा जमिनीवरची पातळ, घट्ट गादी बरी. उन्हाळ्यात माळवदावर किंवा गच्चीवर झोपण्याची पद्धत आपल्याकडे आहे. पण रात्री उठून रांगणारं बाळ असलेल्या घरानं ती टाळावी. सगळे झोपेत असताना बाळ कडेपर्यंत पोचू शकतं.

डॉक्टरांकडे केव्हा जावं?

ताप, सतत कान ओढणं, उलट्या, श्वासाला त्रास, दूध नको म्हणणं किंवा दिवसाही मलूल राहणं, यांपैकी काही असेल तर कारण वेगळं आहे. आधी जमत असलेली हालचाल बाळ विसरलं, तर लगेच दाखवा. यांतलं काही नसेल आणि बाळ दिवसा हसतं-खेळतं असेल, तर नवी हालचाल पक्की होईपर्यंत काही आठवडे हे चालू शकतं. पहिलं पाऊल टाकायच्या सुमारास पुन्हा असंच झालं, तरी उपाय हेच आहेत.